n चं n वं मूळ वजा एक, त्याचा p वा घात: सिरीज नेमकी कुठे कन्व्हर्ज होते?

कंदील
नमस्कार मंडळी. परवाच्या चाचणीत असा प्रश्न होता: Σ (n^(1/n) − 1)^p ही सिरीज p च्या कोणत्या किमतींसाठी कन्व्हर्ज होते?

मी असं केलं. n^(1/n) − 1 ला a म्हटलं, म्हणजे n = (1 + a)^n. उजवीकडे बायनॉमियल उलगडलं आणि फक्त a² चं पद ठेवलं: n > n(n−1)/2 · a². म्हणून a < √(2/(n−1)). आता a^p हे 1/n^(p/2) च्या पटीत राहतं, आणि ती सिरीज p > 2 असेल तरच कन्व्हर्ज होते. उत्तर लिहिलं p > 2. उत्तरपत्रिकेत लाल शाईने p > 1 लिहून निम्मे गुण कापलेत, कारण काहीच दिलेलं नाही.

घरी येऊन p = 1.1 घालून दहा लाख पदांची बेरीज कॉम्प्युटरवर काढली. ५० च्या जवळ आली आणि थांबायचं नाव नाही. दरवेळी पदं दहापट केली की बेरजेत साधारण १० ची भर पडते. मग हे कन्व्हर्जंट कसं? माझी पायरी कुठे चुकली ते कुणी सांगाल का? उत्तर माहीत आहे, मला चूक शोधायची आहे.

सुसाट
एवढं कशाला लिहायचं? रूट टेस्ट लावा. n वं मूळ घेतलं की n^(1/n) − 1 उरतं, ते शून्याकडे जातं, शून्य एकपेक्षा लहान, सिरीज कन्व्हर्ज. दोन ओळींत संपलं.

कंदील
@सुसाट, तुम्ही घात n धरलाय. तोही प्रश्न पुस्तकात असतो. इथे घात p आहे, n बदलला तरी p तोच राहतो.

सुसाट
अरे हो, घाईत n वाचलं. मग रूट टेस्टला (n^(1/n) − 1)^(p/n) मिळेल. ते कुठे जातं?

जुना_खडू
ते 1 कडे जातं, p काहीही असो. त्यामुळे रूट टेस्ट इथे मुकी आहे. रेशो टेस्टचंही तेच होतं. या दोन्ही चाचण्यांना भूमितीय वेगाने लहान होणारी पदंच कळतात, आणि आपली पदं त्या मानाने फार सावकाश लहान होतात.

आता कंदीलच्या पायरीकडे येतो. a < √(2/(n−1)) ही असमानता शंभर टक्के खरी आहे. p > 2 असेल तर सिरीज कन्व्हर्ज होते हेही तू बरोबर सिद्ध केलंस. चूक ‘तरच’ या एका शब्दात आहे. तू वरून छप्पर घातलंस. छपराची सिरीज कन्व्हर्ज झाली तर आतली होणारच. पण छपराची डायव्हर्ज झाली म्हणून आतली डायव्हर्ज झाली असं होत नाही, कारण छप्पर आणि माणसाचं डोकं यांत कितीही अंतर असू शकतं. इथे ते किती आहे बघ. n = 100 ला तुझं छप्पर आहे ०.१४२१ आणि खरी किंमत आहे ०.०४७१, म्हणजे तिप्पट. n = 10^6 ला छप्पर ०.००१४१४ आणि खरी किंमत ०.००००१३८, म्हणजे शंभरपट. हे अंतर वाढतच जातं. जोवर ते वाढतंय तोवर त्या छपरावरून डायव्हर्जन्सबद्दल एक अक्षरही बोलता येत नाही.

म्हणून आधी a चा खरा आकार हाती यायला हवा. n चं n वं मूळ हे घातांकी रूपात लिही:

n^(1/n) = e^(ln n / n)

ln n / n ला x म्हण. n मोठा झाला की x लहान होतो, म्हणून e^x उलगडायला काहीच अडचण नाही: 1 + x + x²/2 + x³/6 + … त्यातून 1 वजा केला की उरतं

a = x + x²/2 + x³/6 + …

n = 100 ला हे हाताने करून बघ. x = ०.०४६०५. x²/2 = ०.००१०६. दोन्हींची बेरीज ०.०४७११. खरी किंमत म्हणजे १० चा ०.०२ वा घात वजा १, ती येते ०.०४७१३. दोन पदांतच चौथ्या दशांशापर्यंत जुळलं. n = 1000 ला x = ०.००६९०८ आणि खरी किंमत ०.००६९३२, म्हणजे पहिलं पद एकटंच पुरतं. तेव्हा a हा ln n / n इतक्याच मापाचा आहे. तुझ्या 1/√n च्या मापाचा नाही.

कंदील
छपराचं कळलं. खरंच, मी ‘तरच’ कुठून आणलं तेच आठवत नाही. पण सर, ‘इतक्याच मापाचा’ असं परीक्षेत लिहिलं तर चालतं का? उलगड्यातली पुढची अनंत पदं टाकून दिली त्याचं काय?

जुना_खडू
रास्त शंका आहे. टाकायचीच नाहीत, दोन भिंतींत कोंडायची. e^x − 1 हा x पेक्षा कमी कधीच नसतो, कारण उलगड्यातली सगळी पदं धन आहेत. आणि तो x·e^x पेक्षा जास्तही नसतो. उलगड्यातून x बाहेर काढ, आत उरतं 1 + x/2 + x²/6 + …, आणि यातलं प्रत्येक पद e^x च्या त्याच क्रमाच्या पदाहून मोठं नाही. आता ln n / n ची सगळ्यात मोठी किंमत 1/e पुढे जात नाही, म्हणून e^x हा e^(1/e) च्या आत राहतो, म्हणजे १.४५ च्या आत. निष्कर्ष:

ln n / n ≤ a ≤ 1.45 · ln n / n

n = 1 पासून सगळीकडे. यात लिमिट नाही, ‘पुरेसा मोठा n’ नाही. दोन्ही बाजूंना एकच माप आहे, त्यामुळे आता ‘तरच’ म्हणायचा हक्क मिळाला.

ओंजळ
मग पुढचं सोपं आहे की! लॉग इतका हळू वाढतो की तो जवळजवळ स्थिरांकच. तो सोडून द्या. उरलं 1/n^p, ती p > 1 ला कन्व्हर्ज. झालं.

टोकदार
@ओंजळ, उत्तर बरोबर, कारण चूक. लॉग असा सोडता येत नाही. Σ 1/n डायव्हर्ज होते आणि Σ 1/(n (ln n)²) कन्व्हर्ज होते. दोघींत फरक फक्त लॉगचा. नेमकं p = 1 च्या उंबरठ्यावर लॉग निकाल फिरवू शकतो.

ओंजळ
मान्य. पण मग आपल्या प्रश्नात तो का फिरवत नाही?

टोकदार
तो अंशात आहे म्हणून. p = 1 ला 1/n आधीच डायव्हर्ज आहे आणि लॉगने त्यात भरच घातली. n ≥ 3 असेल तर ln n > 1, म्हणून a > 1/n, डायव्हर्ज. p एकपेक्षा लहान धन असेल तर? a स्वतः एकपेक्षा लहान आहे, म्हणून a^p हा a पेक्षा मोठा, पुन्हा डायव्हर्ज. p शून्य किंवा ऋण असेल तर पद शून्याकडे जातच नाही. (ऋण p घ्यायचा असेल तर बेरीज n = 2 पासून सुरू करा. n = 1 ला a शून्य आहे आणि शून्याने भागाकार होईल.)

उरली p > 1 ची बाजू. तिथे लॉग आपल्या विरोधात आहे, म्हणून त्याला थोडी जागा द्यावी लागते. p = 1.5 घेऊन करून दाखवतो. ln t हा t पेक्षा नेहमी लहान. t च्या जागी n^(1/4) घाला: ln n = 4 · ln(n^(1/4)) < 4 n^(1/4). दोन्ही बाजूंचा १.५ वा घात घेतला की (ln n)^1.5 < 8 n^(3/8). याला n^1.5 ने भागलं की 8 / n^(9/8). वरची १.४५ ची भिंत धरली तर ८ च्या जागी १४ लिहा:

a^1.5 < 14 / n^(9/8)

9/8 एकपेक्षा मोठा, कन्व्हर्ज. म्हणजे लॉगचा खर्च भागवायला १.५ मधले ३/८ दिले, तरी एकच्या वर १/८ शिल्लक राहिले. p = 1.1 असेल तर चौथ्या मुळाऐवजी विसावं मूळ घ्या, घातांक १.०४५ उरेल. p एकच्या कितीही जवळ असो, एकच्या वर जे काही आहे त्यातलं अर्धं लॉगला देता येतं.

मृण्मयी
मला कंदीलची बायनॉमियलची वाट आवडली आणि ती सोडून द्यावी असं वाटत नाही. a² च्या पदावर थांबली म्हणून ती p > 2 ला अडकली. a³ चं पद ठेवलं तर?

n > n(n−1)(n−2)/6 · a³, म्हणून a < (6 / ((n−1)(n−2)))^(1/3)

हे n^(−2/3) च्या मापाचं छप्पर आहे. त्याचा p वा घात घेतला की 2p/3 > 1 हवं, म्हणजे p > 3/2 ला कन्व्हर्ज. चौथं पद घेतलं तर p > 4/3. k वं पद घेतलं तर p > k/(k−1). प्रत्येक पायरीला छप्पर खाली येतं आणि k वाढवत गेलं की एकच्या वरचा प्रत्येक p कधी ना कधी सापडतोच. p = 1.1 ला k = 12 पुरे, कारण 12/11 = १.०९…

डायव्हर्जन्सलाही लॉग लागत नाही. a ≥ 1/n म्हणजे n ≥ (1 + 1/n)^n. उजवी बाजू e च्या खाली राहते, म्हणजे ३ च्याही खाली, म्हणून n ≥ 3 ला हे खरंच आहे. सगळा प्रश्न लॉगशिवाय सुटला.

कंदील
हे बघून खूप बरं वाटलं! म्हणजे माझी वाट चुकीची नव्हती, मी पहिल्याच वळणावर थांबले.

जुना_खडू
मृण्मयी, युक्तिवाद निर्दोष आहे आणि मला तो नवीन आहे, तुझे मनापासून आभार. तरी मी वर्गात घातांकी उलगडाच आधी शिकवेन. तुझ्या पद्धतीत प्रत्येक p साठी वेगळा k निवडावा लागतो आणि कुठलाच k a चा खरा आकार सांगत नाही. ln n / n दिसत नाही, फक्त तो n^(−1+थोडंसं) च्या आत आहे इतकंच कळतं. प्रश्न जरा बदलला की अडेल. उदाहरणार्थ Σ a / (ln n)³ कन्व्हर्ज होते का? उलगड्याने एका ओळीत 1/(n (ln n)²), होते. बायनॉमियलने करून दाखव.

मृण्मयी
नाही होणार, कबूल. पण दिलेला प्रश्न तो नव्हता. ज्याने नुकतंच बायनॉमियल शिकलंय त्याला e^x ची अनंत सिरीज आणून दाखवण्याआधी हे दाखवावं, असं माझं मत कायम आहे.

जुना_खडू
असू दे. यावर आपलं जमणार नाही.

कोडवेडा
कॉम्प्युटरच्या भागावर कुणी बोललंच नाही. कंदील, तू `n**(1/n) - 1` असं लिहिलं असशील ना? तिथेच घोळ आहे. एकच्या अगदी जवळच्या संख्येतून एक वजा केला की आधीचे सगळे अंक उडतात. माझ्याकडे n = 10^16 ला हे 3.77e-15 देतं, खरी किंमत 3.68e-15 आहे. n = 10^18 ला तर सरळ शून्य येतं. इथेही उलगडाच कामी येतो, expm1 हे फंक्शन e^x − 1 थेट काढतं, वजाबाकी न करता:

```python
from math import log, expm1

p = 1.1
s = 0.0
for n in range(2, 10**6 + 1):
    s += expm1(log(n) / n) ** p
print(s)
```

हे चालवून बघ, बेरीज थांबेल.

कंदील
चालवलं. पुन्हा ५० च्या जराशी खाली. पहिले कितीतरी अंक जसेच्या तसे. थांबली नाही.

जुना_खडू
कोडवेडा, तुझा इशारा मोठ्या n साठी अगदी योग्य आहे, पण इथलं कारण ते नाही. n = 10^6 ला a साधारण 1.4e-5 आणि वजाबाकीतली चूक 1e-16 च्या आसपास, म्हणजे दहा-अकरा अंक शाबूत आहेत. कॉम्प्युटर बरोबर बेरीज करतोय. सिरीजच इतकी सावकाश आहे.

किती सावकाश ते मोजता येतं. बेरजेऐवजी (ln x / x)^p चं 1 पासून अनंतापर्यंत इंटिग्रल घ्या आणि u = ln x ठेवा. dx = e^u du, म्हणून आत उरतं

u^p · e^(−(p−1)u)

हे गॅमा फंक्शनचंच रूप आहे. उत्तर येतं Γ(p+1) / (p−1)^(p+1). p = 1 ला छेद शून्य, आणि आपली सीमा आपोआप डोळ्यांसमोर येते. p = 2 ला किंमत २. p = 1.1 ला किंमत सुमारे १३२. तेव्हा कंदीलची पूर्ण बेरीज १३० च्या थोडी वर जाऊन थांबणार आहे, आणि दहा लाख पदांनंतर ती ५० वर आहे. अजून निम्मी वाटही झालेली नाही.

टोकदार
तुमचं ते u चं रूप धरून मी पुढे आकडे काढले. p = 1.1 ला u^1.1 · e^(−0.1u) ही वक्ररेषा u = 11 ला शिखरावर असते, म्हणजे n सुमारे ६० हजार. कंदीलला दरवेळी ‘दहाची भर’ का दिसली ते इथे कळतं. १० हजार ते १ लाख या टप्प्यात भर पडते सुमारे १०.७. १ लाख ते १० लाख, १०.६. १० लाख ते १ कोटी, १०.१. ती शिखराच्या माथ्यावर उभी राहून मोजत होती, तिथे जमीन सपाटच असते. पदं 10^12 झाली तरी एकूण बेरजेचा तीन चतुर्थांश भाग जेमतेम होतो. ९९ टक्क्यांसाठी 10^30 च्या घरात पदं लागतील, ती कुणी मोजणार नाही.

कोडवेडा
वा. मग कॉम्प्युटरवर 1 आणि 1.1 यांतला फरक दिसणारच नाही का?

टोकदार
एकूण बेरीज बघून नाही. टप्प्यांची भर बघून दिसतो. p = 1 ला त्याच तीन टप्प्यांत भर पडते २३.९, २९.२, ३४.५. प्रत्येक टप्प्याला ५.३ ने चढती, कारण बेरीज (ln N)²/2 सारखी वाढते आणि ५.३ म्हणजे ln 10 चा वर्ग. p = 1.1 ला तीच भर उतरायला लागली आहे. पण हा फक्त अंदाज, सिद्धता नव्हे. p = 1.01 घेतलात तर शिखर u = 101 ला जातं, म्हणजे n हा 10^43 च्या पुढे. तिथपर्यंत p = 1.01 सुद्धा चढतच दिसेल.

कंदील
माझे आकडे तपासले: १०.७, १०.६. मी दोन्ही ‘दहा’ म्हणून सोडून दिले होते.

पाऊलवाट
थोडं विषय सोडून. मागे मी हीच पदं एकाआड एक चिन्ह बदलून घेतली होती, Σ (−1)^n (n^(1/n) − 1). ती कन्व्हर्ज होते आणि किंमत ०.१८७८५९६… येते. तिला एमआरबी स्थिरांक म्हणतात. माझा घोळ असा झाला की मला कन्व्हर्ज होते एवढं दिसलं आणि मी पदं हवी तशी पुढे-मागे केली, आधी सगळी धन, मग सगळी ऋण. बेरीज भलतीकडेच गेली. चिन्हं काढली की p = 1 ची डायव्हर्जंट सिरीज उरते हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. आज या धाग्यामुळे कारण कळलं.

मृण्मयी
हो, आणि त्या चिन्हं बदलणाऱ्या सिरीजला p > 0 काहीही चालतो. n = 3 पासून पुढे n^(1/n) सतत उतरतं, म्हणून a^p ही उतरतं आणि शून्याकडे जातं. लाइबनित्झची चाचणी तेवढंच मागते.

सुसाट
तीनपासूनच का? दोनपासून नाही?

मृण्मयी
२ चं वर्गमूळ १.४१४, ३ चं घनमूळ १.४४२, आणि ४ चं चौथं मूळ पुन्हा १.४१४. तीनला सगळ्यात वर आणि मग उतार.

कंदील
सगळ्यांचे आभार. आता समजलंय का ते तपासायला मी स्वतःच एक प्रश्न केला, बघा बरोबर आहे का. उलगड्यातलं पहिलं पदही वजा केलं तर?

Σ (n^(1/n) − 1 − ln n / n)^p

आता उरतं x²/2 + x³/6 + … सगळी पदं धन, म्हणून खालची भिंत x²/2. वरून x² बाहेर काढला की आत 1/2 + x/6 + …, तो e^x / 2 च्या आत राहतो. म्हणून वरची भिंत 0.73 · x². दोन्ही बाजूंना (ln n)²/n² चं माप. p वा घात घेतला की (ln n)^(2p) / n^(2p). आधीच्यासारखंच, पण 2p > 1 हवं. म्हणून p > 1/2 ला कन्व्हर्ज. p = 1/2 ला पद ln n / n च्या मापाचं, डायव्हर्ज. या वेळी ‘तरच’ लिहिताना दोन्ही भिंती आहेत का ते आधी पाहिलं.

जुना_खडू
अचूक. e^x / 2 ची भिंत तू स्वतः शोधलीस याचा फार आनंद झाला. पहिली k पदं वजा केलीस तर सीमा 1/(k+1) वर येते, तेही करून बघ.

आणि गुण कापल्याबद्दल: p > 2 चा भाग पूर्ण सिद्ध होता, त्याचे गुण मिळालेच आहेत. पण ‘तरच’ खाली एक ओळ लिहायला हवी होती, तुझा आक्षेप मला पटतो.

ओंजळ
मला एक सतावतंय. p स्थिर न ठेवता n बरोबर एककडे सरकत नेला तर? पदं (n^(1/n) − 1)^(p_n), आणि p_n = 1 + c · ln(ln n) / ln n. c धन असेल तर n ≥ 3 पासून प्रत्येक n ला घात एकपेक्षा मोठाच, पण शेवटी एकला टेकतो.

टोकदार
छान प्रश्न. घाईघाईत केलं: n^(p_n) मधून n · (ln n)^c निघतं, म्हणून पद (ln n)^(1−c) / n च्या मापाचं. c > 2 ला कन्व्हर्ज, c ≤ 2 ला डायव्हर्ज असं दिसतंय. अंशातल्या लॉगवरचा जादा घात 1 कडे जातो हे तपासायचं राहिलंय.

ओंजळ
आणि c = 2 च्या पुढे आणखी एक तिहेरी लॉग जोडला तर? मग सीमा पुन्हा सरकेल ना? मला वाटतं याला शेवट नाही.

मृण्मयी
मलाही तसंच वाटतं, पण रात्री वही घेऊन बसते. c = 2 ला पद 1/(n ln n) च्या मापाचं उरतं आणि तिथून पुढची पायरी ln(ln n) ची असणार. बायनॉमियलने याला हातही लावता येणार नाही, हे मात्र जुना_खडू यांना आत्ताच सांगून ठेवते.